उत्तरसूचीतले साठ आणि वहीतले पन्नास

प्रश्न: सर, नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ मराठी माध्यमात दहावीला आहे आणि घरी त्याचे गणित मी घेते. त्याच्या मित्राने पाठवलेल्या वर्कशीटच्या फोटोत असा प्रश्न आहे: ‘एक बस ३०० किमी अंतर एकसमान वेगाने जाते. तिचा वेग ताशी १० किमी जास्त असता, तर तिला १ तास कमी लागला असता. बसचा वेग काढा.’ भावाचे उत्तर ५० आले, माझेही ५० येते. मागे छापलेल्या उत्तरसूचीत मात्र ‘x = ६० किंवा x = −५०, म्हणून वेग ६० किमी/तास’ असे आहे. सूची पाहिल्यावर त्याने आपली पायरी खोडली, x + १० च्या जागी x − १० लिहिले आणि ६० आणले. फोटो जोडला आहे. छापलेले उत्तर चुकीचे असू शकते का? ते ठरवायचे कसे, आणि त्याने वहीत काय ठेवावे?

उत्तर:

भावाचे पन्नास बरोबर आहे आणि सूचीतले साठ चूक आहे. खोडलेली पायरी त्याने पुन्हा लिहावी. मी हे कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण पुढच्या वेळी असा निर्णय तुम्हाला घरीच घ्यावा लागेल, आणि तो घेताना घाईने सूचीला चूक ठरवणे हे घाईने स्वतःला चूक ठरवण्याइतकेच वाईट आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ताळा, आणि तो समीकरणात नव्हे तर प्रश्नाच्या शब्दांत करायचा. बसचा वेग ताशी ५० किमी धरला तर ३०० किमीला ६ तास लागतात. वेग १० ने वाढून ६० झाला तर तेच अंतर ५ तासांत संपते. सहातून पाच गेले, एक तास कमी लागला, प्रश्नाची अट पुरी झाली. आता सूचीचे साठ घेऊ. ताशी ६० किमीने ३०० किमीला ५ तास लागतात. वेग १० ने वाढून ७० झाला तर ३०० भागिले ७०, म्हणजे सुमारे ४ तास १७ मिनिटे लागतात. वाचले फक्त ४३ मिनिटे. प्रश्नात एक तास म्हटले आहे, म्हणून साठ बसत नाही. या ताळ्यासाठी वर्गसमीकरण लागले नाही, x सुद्धा लागला नाही.

ताळा शब्दांत करायचा हा आग्रह मी धरतो, त्याचे कारण नेमके याच उदाहरणात दिसते. तुमच्या भावाने पायरी बदलल्यावर त्याचे समीकरण x² − १०x − ३००० = ० असे झाले असणार. त्यात ६० घालून पाहा: ३६०० − ६०० − ३००० = ०. समीकरण तंतोतंत सुटते. मुलगा म्हणेल, ‘ताई, ताळा जुळला, सूचीही तेच सांगते.’ पण जुळला तो चुकीच्या मांडणीशी. मांडणीत चूक असेल तर त्या मांडणीत केलेला ताळा ती चूक कधीच दाखवणार नाही. म्हणून ताळ्यासाठी मुलाला नेहमी मूळ वाक्याकडे, त्या बसकडे आणि त्या तासांकडे परत न्यावे.

एवढ्याने तुमचा प्रश्न सुटला असे वाटेल, पण वर्कशीट फोटोतून आले असेल तर इथे थांबता येत नाही. आपण जो प्रश्न सोडवला तोच प्रश्न कागदावर छापला आहे का, हे आधी पाहावे लागते. फोटो चारदा जतन करून नव्याने पाठवला गेला की प्रत्येक वेळी तो थोडा दाबला जातो, अक्षरांच्या कडा विरघळतात, आणि छापलेल्या आंतरराष्ट्रीय अंकांत शून्य, सहा, आठ आणि पाच एकमेकांसारखे दिसू लागतात. कागदाची घडी एखाद्या ओळीवरून गेली असेल तर वजाचे चिन्ह किंवा घातांक त्यातच नाहीसा होतो.

अशा वेळी नुसते डोळे ताणून उपयोग नसतो. सूचीचे उत्तर खरे मानायचे आणि उलट विचारायचे की प्रश्नातला कोणता आकडा वेगळा असता तर हे उत्तर बरोबर ठरले असते. अंतर बदलून पाहू. वेग ६० आणि वाढीव वेग ७० असताना बरोबर एक तास वाचायचा, तर अंतर ४२० किमी हवे. ‘३००’ कितीही पुसट झाले तरी ते ‘४२०’ सारखे दिसणार नाही, म्हणून ही शक्यता सोडून द्यावी. आता वेगातली वाढ बदलून पाहू. ६० च्या वेगाने ५ तास लागतात, एक तास वाचला तर ४ तास उरतात, आणि ३०० किमी ४ तासांत जायला ताशी ७५ किमी वेग हवा. म्हणजे वाढ १५ हवी. आता मात्र सावध व्हायला हवे, कारण ‘१०’ आणि ‘१५’ यांत फरक एकाच अंकाचा आहे आणि पुसट फोटोत तो हरवू शकतो. प्रश्नात मुळात १५ असते तर सूची बरोबर ठरली असती आणि तुम्ही दोघे चुकला असता, तेही गणितात नव्हे, वाचण्यात.

‘उत्तर पूर्णांकात सुबक आले म्हणजे आकडे बरोबर वाचले’ असे मुले मानतात. इथे ती कसोटीही कामाची नाही. वाढ १० घेतली तर विवेचक १२१०० येतो आणि त्याचे वर्गमूळ ११० आहे. वाढ १५ घेतली तर विवेचक १८२२५ येतो आणि त्याचे वर्गमूळ १३५ आहे. दोन्हीकडे पूर्ण वर्ग, दोन्हीकडे सुबक उत्तर.

म्हणून मी तुमचा फोटो मोठा करून त्याच ओळीतल्या ‘३००’ च्या शेवटच्या दोन शून्यांशी त्या अंकाची तुलना केली. एकाच ओळीत, एकाच टंकात छापलेली शून्ये एकसारखीच असतात. पाचाचा माथा सपाट असतो आणि डाव्या बाजूला मध्यावर खाच असते, तशी ती इथे नाही. अंक शून्यच आहे. ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे दोन्ही शब्दही स्वच्छ वाचता येतात. तरीही मनात शंका असेल तर मूळ कागद पाहावा, किंवा मित्राला सांगावे की फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे तो दाबला जात नाही.

आपल्या भागात आणखी एक सोय आहे आणि तिचा वापर फार कमी होतो. पुष्कळ वर्कशीट कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांसाठी एकाच मसुद्यावरून तयार होतात. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या मुलाकडे तेच वर्कशीट असेल तर तो प्रश्न पाहावा. आकडे तर भाषेशिवायच कळतात, आणि ‘हेच्चु’ म्हणजे जास्त व ‘कडिमे’ म्हणजे कमी हे दोन शब्द आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला बाजारात जाऊन ठाऊक असतात. वेगाच्या वाक्यात मराठीत ‘जास्त’ आणि कन्नडमध्ये ‘कडिमे’ आढळले तर सूची एका आवृत्तीची आणि प्रश्न दुसऱ्या आवृत्तीचा आहे हे तिथल्या तिथे उघड होते.

हे मी उगाच सुचवत नाही. तुम्ही सूचीतली दोन्ही मुळे लिहून पाठवलीत हे फार चांगले केले, कारण चूक कुठून आली याचा माग त्या वजा पन्नासमध्ये आहे. तुमच्या प्रश्नाचे समीकरण असे होते:

३००/x − ३००/(x + १०) = १
३०००= x(x + १०)
x² + १०x − ३००० = ०
x = ५० किंवा x = −६०

म्हणजे या प्रश्नाची मुळे ५० आणि −६० आहेत. सूचीत ६० आणि −५० आहेत. आकडे तेच, चिन्हे मात्र अदलाबदल झालेली. सूचीत नुसते ‘६०’ छापलेले असते तर कोणीतरी −६० चे वजाचे चिन्ह गाळले असे म्हणता आले असते. पण −५० सोबत आहे, म्हणजे सूची करणाऱ्याने x² − १०x − ३००० = ० हे वेगळेच समीकरण सोडवले आहे, आणि ते बिनचूक सोडवले आहे. त्याचा हिशेब चुकलेला नाही, प्रश्नाशी असलेला दुवा चुकला आहे.

ते समीकरण दोन वाटांनी येऊ शकते. पहिली वाट अशी की मूळ प्रश्न ‘वेग ताशी १० किमी कमी असता तर १ तास जास्त लागला असता’ असा होता. त्याचे उत्तर खरोखर ६० आहे: ६० ने ५ तास, ५० ने ६ तास. पुढे कोणीतरी प्रश्नात ‘कमी’ आणि ‘जास्त’ यांची जागा बदलून नवा प्रश्न केला आणि सूची जुनीच ठेवली. दुसरी वाट अशी की सूची करणाऱ्याने x हा वाढलेला वेग धरला, मूळ वेग x − १० धरला, x = ६० काढले, आणि शेवटी १० वजा करायचे राहून गेले. दोन्ही वाटांवर समीकरण अक्षरशः एकच होते, त्यामुळे नुसत्या सूचीवरून यांपैकी कोणती वाट हे सांगता येणार नाही. तुमच्या कामासाठी त्याची गरजही नाही. एवढे समजले की पुरे, की साठ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तो वाढलेला वेग आहे आणि विचारला आहे तो मूळ वेग.

सूची चूक आहे असे म्हणण्यापूर्वी ती चूक कशी झाली असेल हे सापडते का, ते मी नेहमी पाहतो. आपले उत्तर ताळ्याला उतरले, सूचीचे उतरले नाही, आणि शिवाय सूचीचे उत्तर ज्या वाटेने आले ती वाटही दिसली, की मग शंकेला जागा राहत नाही. वाट सापडली नाही तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा प्रश्न वाचतो, कारण बहुधा प्रश्नातला एखादा शब्द माझ्याच नजरेतून निसटलेला असतो.

जुन्या सूचीची ही चूक माझ्या स्वतःच्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी मी दहावीसाठी एक सराव प्रश्नसंच काढला होता. त्यात ५, ८, ११, … या अंकगणिती श्रेढीच्या पहिल्या २० पदांची बेरीज विचारली होती, उत्तर ६७०. पुढच्या वर्षी तोच संच वापरताना मी २० च्या जागी १५ पदे केली आणि मागच्या पानावरचे ६७० बदलायचे राहून गेले. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या वहीत ६७० आले. पायऱ्या पाहिल्या तर कोणी सूत्रात १५ घालून शेवटच्या ओळीत एकदम ६७० लिहिले होते, कोणी मधला गुणाकार मोडून ठेवला होता. एका मुलीने मात्र ३९० लिहिले होते आणि खाली पाचपासून सत्तेचाळीसपर्यंतची पंधराही पदे मांडून हाताने बेरीज केली होती. सूत्राने आलेले उत्तर तिने सूत्राने तपासले नाही, बेरजेने तपासले, म्हणून ती छापील आकड्यापुढे टिकू शकली. त्या दिवशी मला माझ्या विसरण्यापेक्षा बाकीच्या वह्यांचे जास्त वाईट वाटले, कारण ज्यांना बरोबर येत होते त्यांनीही स्वतःची बरोबर पायरी मोडली होती. तुमच्या भावाच्या वहीत आज तेच झाले आहे.

त्याच्याशी बोलताना नुसते ‘सूची चूक आहे’ एवढेच सांगू नका. त्याने x + १० चे x − १० केले तेव्हा प्रश्नातले कोणते वाक्य बदलले, हे त्याला विचारा. ‘वेग जास्त असता’ याचे भाषांतर x + १० आहे. x − १० लिहिले की आपण ‘वेग कमी असता’ असे म्हणत आहोत. त्याने पायरी बदलली नाही, प्रश्न बदलला. हे त्याच्या तोंडून आले की काम झाले.

वहीत त्याने पहिली मांडणी पूर्ण लिहावी, वेग ऋण नसतो म्हणून −६० हे मूळ त्याज्य ठरवावे, उत्तर ताशी ५० किमी लिहावे आणि त्याखाली एका ओळीत ताळा द्यावा: ‘३००/५० = ६ तास, ३००/६० = ५ तास, फरक १ तास.’ खोडलेली पायरी फाडून टाकू नये. तिच्या शेजारी ‘हा वेगळ्या प्रश्नाचा हल’ असे लिहून ठेवले तर उजळणीच्या वेळी उपयोगी पडेल. परीक्षेचे म्हणाल तर आपल्या कर्नाटक बोर्डात गणिताच्या दीर्घ प्रश्नांना गुण पायऱ्यांवर विभागलेले असतात. ओढून आणलेल्या उत्तराची मांडणी प्रश्नाशी जुळत नाही, आणि मांडणीच चुकली की पुढच्या पायऱ्यांचे गुणही धोक्यात येतात.

आता जिथे सूची वेगळी दिसते पण चूक नसते, त्याबद्दल थोडे. भूमितीत ७ सेमी त्रिज्या आणि १० सेमी उंचीच्या वृत्तचितीचे घनफळ π = २२/७ घेतल्यास १५४० घसेमी येते आणि π = ३.१४ घेतल्यास १५३८.६. दोन्ही उत्तरे त्या त्या किमतीला बरोबर आहेत; प्रश्नात किंवा पत्रिकेच्या माथ्यावर कोणती किंमत घ्यायला सांगितली आहे ते पाहावे. तसेच १/√३ आणि √३/३ ही एकच संख्या आहे. सीमेपलीकडून कोल्हापूरच्या बाजूने आलेली सरावपत्रिका असेल तर तिची रचना महाराष्ट्र बोर्डाची असते. तिथे गणिताचे ४० गुणांचे दोन वेगळे पेपर असतात आणि आपल्याकडे ८० गुणांचा एकच, त्यामुळे सूचीतल्या पायऱ्या आणि गुणांची विभागणी आपल्याशी जुळणार नाही. त्या फरकाला चूक म्हणू नये. बहुपर्यायी प्रश्नांत मात्र पर्यायाच्या अक्षरावर विसंबू नये. पर्यायांचा क्रम आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून अक्षराऐवजी उत्तराची किंमत ताडून पाहावी.

ही चूक शिक्षकांना जरूर कळवावी. तास संपल्यावर भावाने वही घेऊन जावे आणि ‘सर, सूची चुकली’ असे न म्हणता ‘सर, ६० घातले तर ४३ मिनिटेच वाचतात, माझे कुठे चुकते ते बघाल का?’ असे विचारावे. यात नम्रताही आहे आणि पुरावाही आहे, आणि सरांना तो पुरावा अर्ध्या मिनिटात तपासता येतो. बोर्डाच्या सूचीबाबतही हीच पद्धत चालते: दहावीच्या परीक्षेनंतर बोर्ड आदर्श उत्तरे आपल्या संकेतस्थळावर ठेवते आणि ठरावीक मुदतीत हरकती मागवते. तिथेही ‘उत्तर पटत नाही’ एवढे लिहून भागत नाही, प्रश्न क्रमांकासह हल द्यावा लागतो.

एक काम मात्र आजच करा. तो फोटो ज्या ग्रुपवरून आला तिथे तो अजून तसाच आहे आणि आणखी कितीतरी मुले आज रात्री त्यावरून पन्नासचे साठ करतील. त्याच फोटोला उत्तर म्हणून एवढाच मजकूर टाका, म्हणजे तो चित्राला चिकटून राहील: ‘बसचा प्रश्न: उत्तरसूचीत ६० छापले आहे, ते वाढलेल्या वेगाचे आहे. विचारलेला मूळ वेग ताशी ५० किमी. ताळा: ३००/५० = ६ तास, ३००/६० = ५ तास.’